बिल नसताना एन्ट्री आणि हमालीचं व्हाऊचर

"बँकेतून पैसे गेलेले स्टेटमेंटला दिसतातच की, मग बिल यायच्या आधी खरेदीला टाकलं तर काय बिघडतं? आणि हमालीला तर बिलच नसतं, ते कशावर टाकायचं?"

स्टेटमेंटवर एवढंच कळतं की पैसे गेले, कशाचे गेले ते नाही कळत. म्हणून बिल येईपर्यंत ते पार्टीच्या नावे टाकायचं, म्हणजे पार्टी डेबिट, बँक क्रेडिट, खरेदीला हात लावायचा नाही.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलवाल्याकडं मी हिशेब बघायचो तेव्हाची गोष्ट. सुताची १० पोती आगाऊ पैसे देऊन मागवली होती, ५०० किलो, २०० रुपयांनी १ लाख, वर ५ टक्के जीएसटी, म्हणजे १,०५,००० गेले. एन्ट्री करणाऱ्या पोरानं बँक स्टेटमेंट बघून सगळेच्या सगळे खरेदीला टाकले, जीएसटी पण वेगळा काढला नाही. नंतर बिल आलं १० पोत्यांचं, रक्कम तंतोतंत जुळली, त्यामुळं कुणाला शंकाच आली नाही.

महिन्याअखेरीला मी व्हाऊचर लावत बसलो होतो तर हमालीचं व्हाऊचर हाताला लागलं, पेन्सिलनं लिहिलेलं, "९ पोती उतरवली, २० प्रमाणे १८०", खाली हमालाचा अंगठा. मग मालाबरोबर आलेलं चलन काढलं, त्यावर गेटवाल्यानं पण ९ च लिहून सही केलेली! १८० रुपयाच्या कागदानं साडेदहा हजार सापडवले बघा.

मग खरेदी बिलाप्रमाणे १ लाख, इनपुट सीजीएसटी-एसजीएसटी अडीच-अडीच हजार असं नीट केलं, आणि एका पोत्याची १०,५०० ची डेबिट नोट पाठवली, त्यात १०,००० माल आणि ५०० टॅक्स, कारण जो माल आलाच नाही त्याचं क्रेडिट आपण घ्यायचं नसतं. पार्टीनं आधी कुरकुर केली पण चलनाची झेरॉक्स पाठवल्यावर क्रेडिट नोट दिली.

तर हमालीला बिल नसतं हे खरंय, म्हणूनच व्हाऊचर आपण करायचं. तारीख, नाव, काय काम, किती नग, काय दर, घेणाऱ्याची सही नाहीतर अंगठा, आणि मंजुरी देणाऱ्याची सही. नुसतं "हमाली १८०" लिहिलं असतं तर वरचं काहीच सापडलं नसतं. पाच हजाराच्या वर रोख दिलं तर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावून त्यावर सही घ्या. आणि एकाच माणसाला एका दिवसात दहा हजाराच्या वर रोख खर्च दिला तर इन्कम टॅक्सला तो खर्च साधारणपणे धरत नाहीत (मालवाहतूकवाल्यांना ३५ हजारापर्यंत चालतं), मग व्हाऊचर कितीही चांगलं असो. काहीजण हे चुकवायला रक्कम फोडून मागच्या तारखेची दोन व्हाऊचरं करतात, पण शाई आणि सही एकाच बैठकीतली असली की ऑडिटवाल्याला लगेच कळतं.

टॅलीतला व्हाऊचर नंबर बिलाच्या कोपऱ्यात लिहा आणि चलन, हमालीचं व्हाऊचर त्याच बिलाला टाचा. पेट्रोल पंपाच्या पावत्यांची मात्र आल्या आल्या झेरॉक्स काढा, आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्या पार कोऱ्या होतात.