सीमंतपूजन की सीमांतपूजन? एका लग्नपत्रिकेचे वाचन

"आईवडिलांच्या लग्नपत्रिकेचा फोटो मामांनी मोबाइलवर पाठवला. त्यात आदल्या दिवशी 'सीमंतपूजन' छापले आहे. हा शब्द गरोदरपणातल्या संस्काराचा ना? मधल्या चित्रातले स्वस्तिक काढलेले कापड आणि कोपऱ्यांतले डाग कसले आहेत? इंग्रजी तारीख घडीत गेली असून 'शके १९०१, माघ शु. ५' एवढेच वाचता येते. म्हणजे लग्न १९७९ सालचे का?"

आपल्याला आलेली शंका रास्त आहे. विवाहातील विधीचा शब्द 'सीमांतपूजन' असा आहे आणि पत्रिकेत म वरचा काना गळलेला आहे. हा काना छापताना उमटला नाही की मुळातच जुळवला गेला नाही, हे पाहण्यासाठी मी फोटो मोठा करून त्याच ओळीतील इतर काने तपासले. ते सर्व स्वच्छ उमटलेले आहेत आणि म व त यांच्यामध्ये कान्यापुरती मोकळी जागाही सुटलेली नाही, त्यामुळे शब्द 'सीमंत' असाच लिहून दिला गेला असावा, असे मला वाटते.

गंमत अशी की दोन्ही शब्दांची घडण एकच आहे. सीमा आणि अन्त या दोन शब्दांचा नेहमीच्या नियमाने संधी केला, तर 'सीमान्त' होतो आणि त्याचा अर्थ हद्दीचा शेवट, गावाची शीव. मात्र केसांच्या भांगासाठी हाच संधी ऱ्हस्व ठेवून 'सीमन्त' असा करावा, असा अपवाद संस्कृत व्याकरणकारांनी मुद्दाम नोंदवून ठेवला आहे. गर्भवतीच्या केसांचा भांग वर सारण्याचा जो संस्कार, तो या ऱ्हस्व रूपावरून 'सीमन्तोन्नयन' झाला. एका कान्याने शीव आणि भांग वेगळे केले आहेत, म्हणून लग्नपत्रिकेत तो काना सांभाळणे मला फार महत्त्वाचे वाटते. मराठीच्या प्रचलित लेखनात न् च्या जागी अनुस्वार देऊन 'सीमांतपूजन' असे लिहावे. सी मात्र दीर्घच हवा.

शीव इथे कुठून आली, हे विधीकडे पाहिले की कळते. वऱ्हाड परगावाहून येत असे, तेव्हा वधूकडील मंडळी त्याला वेशीपर्यंत सामोरी जात, वराचे पाय धुऊन त्याची पूजा करीत, त्याला वस्त्र देत आणि मग सन्मानाने गावात आणीत. पुढे ही पूजा वेशीजवळच्या देवळात होऊ लागली आणि आता ती कार्यालयातच, बहुधा आदल्या संध्याकाळी, होते. आपल्या पत्रिकेतही ती लग्नाच्या आदल्या दिवशी सायंकाळी दाखवली आहे. शीव डोळ्यांसमोरून गेल्यामुळे शब्दाचा आधारही सुटला, आणि म्हणूनच अनेक पत्रिकांत 'श्रीमंतपूजन' असेही छापलेले आढळते. ज्याची पूजा होते तो त्या दिवशीचा मानकरी, म्हणजे 'श्रीमंत', अशी लोकांनी आपल्या परीने लावलेली ती व्युत्पत्ती आहे. ती समजण्यासारखी असली, तरी तिच्यामुळे विधीचा मूळ अर्थ झाकला जातो.

चित्रातील कापड हा अंतरपाट आहे. वधू आणि वर समोरासमोर उभे असताना हा पाट दोघांच्या मध्ये धरला जातो, त्यावर मधोमध कुंकवाने स्वस्तिक काढलेले असते आणि मंगलाष्टके संपेपर्यंत तो दूर होत नाही. चित्रकाराने दोन्ही बाजूंना माणसे न काढता फक्त मुंडावळ्यांच्या लोंबत्या सरी दाखवल्या आहेत. आपण त्यांना तोरणाची टोके समजला असाल, तर त्यात नवल नाही. खरे तोरण वरच्या चौकटीत आहे आणि त्याची पाने आंब्याची आहेत. त्याच्या दोन्ही टोकांना कलश आहेत. त्यांच्या तोंडाशी पाने आणि वर शेंडी आभाळाकडे केलेला नारळ, ही पूजेतील कलशाचीच मांडणी आहे.

अंतरपाटाचे चित्र मुहूर्ताच्या ओळीच्या लगेच वर ठेवलेले आहे, आणि ही जागा मला अतिशय योग्य वाटते. पत्रिकेत छापलेली '१० वा. ४२ मि.' ही वेळ विवाहविधी सुरू होण्याची नव्हे. मंगलाष्टके संपून शेवटचे 'सावधान' म्हटले जाते, अंतरपाट उत्तरेकडे किंवा बाजूला ओढला जातो आणि अक्षता पडतात, त्या क्षणाची ती वेळ असते. मंगलाष्टके त्या अंदाजाने आधी सुरू केली जातात. म्हणून ठीक मुहूर्तावर पोहोचणाऱ्या पाहुण्याच्या हातातल्या अक्षता हातातच राहतात. खालची भोजनाची वेळही त्याच क्षणापासून धरलेली आहे.

अगदी वरची '॥ श्री शांतादुर्गा प्रसन्न ॥' ही ओळ आपण विचारलेली नाही, पण तिच्याकडे लक्ष द्यावे. गणपतीला वंदन सर्वच पत्रिकांत असते. त्याच्या शेजारी जे नाव येते, ते बहुधा पत्रिका काढणाऱ्या घराच्या कुलदेवतेचे असते. शांतादुर्गेचे नाव गोव्याकडे, तेथील कवळ्याच्या देवस्थानाकडे बोट दाखवते. वधूचे नाव वराच्या नावाआधी छापलेले असल्यामुळे ही पत्रिका आपल्या आईच्या माहेरची आहे, असे मी धरतो, आणि ती मामांकडे सापडली हेही त्याच्याशी जुळते.

वधूच्या नावामागे 'चि. सौ. कां.' आहे. फोटोत अनुस्वार पुसट झाल्याने ते 'का.' दिसते, पण ते 'कांक्षिणी'चे आद्याक्षर आहे. सौभाग्यकांक्षिणी म्हणजे सौभाग्याची इच्छा करणारी, अजून अविवाहित असलेली. त्याच पत्रिकेत आजींच्या नावामागे नुसते 'सौ.' आहे, कारण त्या सौभाग्यवती आहेत.

कोपऱ्यांतले डाग छपाईचे किंवा ओलीचे नाहीत. चारही कोपऱ्यांना पिवळ्या ठिपक्यावर तांबडा ठिपका आहे आणि त्यांच्या कडा बोट टेकल्यासारख्या गोल आहेत. निमंत्रण देण्यापूर्वी पत्रिकेला हळदकुंकू लावतात, ते हे आहे. ओलीचा डाग कडेकडून आत पसरत जातो आणि त्याची किनार मधल्या भागापेक्षा गडद असते.

आता सालाविषयी. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, हा हिशेब गुढीपाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतच चालतो. शक चैत्रात बदलतो आणि इसवी सन जानेवारीत, त्यामुळे जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंतच्या तिथींसाठी ७९ मिळवावे लागतात. शके १९०१ हे वर्ष १९७९ च्या पाडव्याला सुरू झाले, आणि त्यातला माघ शुद्ध पंचमीचा दिवस, म्हणजे वसंतपंचमी, १९८० च्या जानेवारीत आला. म्हणून लग्नाचे वर्ष १९८० धरावे. घडीच्या कडेला वाराचे पहिले अक्षर 'मं' दिसते आहे. त्या वर्षाच्या छापील पंचांगात ही तिथी मंगळवारी आहे का, हे पाहिले की तारखेचाही पडताळा मिळेल.