मूल्यमापनात गादीचा उल्लेख हवाच

*प्रश्न: नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला ॲनोटेटेड बिब्लिओग्राफी लिहायची आहे. विषय: बेडसोअर होऊ नयेत म्हणून पेशंटची कूस दर किती तासांनी बदलावी. प्रत्येक लेखाचा सारांश, मूल्यमापन आणि उपयुक्तता हवी आहे. सारांश जमतो, मूल्यमापनात काय लिहू? लेख किती घेऊ?*

"रँडमाइज्ड ट्रायल आहे, सॅम्पल मोठं आहे, म्हणून विश्वासार्ह आहे." बहुतेक मुलं एवढं लिहून मोकळी होतात. हे वाक्य कुठल्याही लेखाखाली चिकटवता येतं, म्हणून त्याला मूल्यमापन म्हणायला मी तयार नाही. तुमच्या विषयात पहिल्यांदा बघायचं ते हे की पेशंट कोण होता आणि तो कशावर झोपला होता.

हे मी इतकं ठासून सांगतेय त्याला कारण आहे. मी ज्या हॉस्पिटलात होते तिथे रात्रपाळीला अख्ख्या मेडिकल वॉर्डात दोन सिस्टर आणि एक मावशी असायच्या. एका मीटिंगमध्ये एका वरिष्ठांनी 'टर्न' या २०१३ च्या अभ्यासाचा गोषवारा वाचून दाखवला. दोन तास, तीन तास, चार तास, कशानेही फरक पडत नाही, तेव्हा रात्री चार तासांनी कूस बदला, असं फर्मान निघालं. पूर्ण लेख कुणी उघडलाच नव्हता. मी उघडला होता. तो अभ्यास अमेरिका आणि कॅनडातल्या २७ नर्सिंग होममधला. ९४२ वृद्ध, सुरुवातीला एकालाही जखम नाही, आणि सगळे हाय-डेन्सिटी फोमच्या गादीवर. आमच्याकडे मधोमध खड्डा पडलेल्या रेक्झिनच्या गाद्या होत्या. पक्षाघाताच्या एका आजोबांच्या माकडहाडावर लाली दिसत होती. बोटाने दाबून सोडलं तर जागा पांढरी पडायला हवी, ती लालच राहिली. म्हणजे पहिली पायरी सुरू झालेली. मी तिथेच सांगितलं, की या आजोबांसारखा एकही माणूस त्या अभ्यासात नाही. "पहिल्या वर्षात शिकलेलं इथे चालत नाही" हे उत्तर मिळालं. माझं म्हणणं आजही तेच आहे.

आता हाच लेख तुमच्या असाइनमेंटमध्ये कसा येईल ते बघा. सारांश दोन-तीन वाक्यांत: बेडसोअरचा धोका मोजणारा ब्रेडन स्कोअर १० ते १४ असलेले वृद्ध, तीन गट, तीन आठवडे निरीक्षण, एकूण २ टक्के लोकांना जखम, गटांमध्ये लक्षणीय फरक नाही. मूल्यमापनात जमेची बाजू अशी की त्वचा तपासणाऱ्यांना कोण कुठल्या गटात आहे हे माहीत नव्हतं. उणी बाजू अशी की १० च्या खालचे, म्हणजे सर्वांत जास्त धोक्यातले पेशंट यात घेतलेच नव्हते. शिवाय प्रत्येक वेळी कूस बदलल्याची नोंद ठेवली जात होती. एवढं लक्ष रोजच्या वॉर्डात मिळत नाही. एकूण जखमाच इतक्या कमी झाल्या की गटागटांतला छोटा फरक त्यात दिसणं कठीण. उपयुक्तता एका वाक्यात: चांगली फोमची गादी असेल आणि धोका मध्यम असेल तर चार तासांचा विचार करता येईल, गादी साधी असेल तर या लेखाच्या आधारे वेळ वाढवू नये.

जोडीला आयर्लंडमधला २०११ चा ट्रायल घ्या. एका गटाला रात्री दर तीन तासांनी ३० अंशांत कलतं केलं, दुसऱ्याला दर सहा तासांनी ९० अंशांत कुशीवर. जखमा ३ टक्के आणि ११ टक्के. आकडा बघून मुलं खूश होतात आणि "तीन तास उत्तम" असं लिहून टाकतात. पण तास आणि कोन दोन्ही एकदम बदलले आहेत. फायदा कशामुळे झाला हे या ट्रायलवरून सुटं करून सांगता येत नाही. हे एक वाक्य लिहिलंत तरी लेख वाचलाय हे ट्यूटरला कळतं.

तुमच्या कॉलेजची शब्दमर्यादा आणि संदर्भ लिहिण्याची पद्धत मी गृहीत धरलेली नाही, ती तुमच्या हँडबुकातून बघा. लेख किती, हेही त्यातच असेल. माझ्या मते नीट वाचलेले चार पुरेत. त्यात कूस बदलण्यावरचा २०२० चा कॉक्रेन रिव्ह्यू असू द्या, मात्र वरचे दोन्ही ट्रायल त्यात आधीच धरलेले आहेत. तेव्हा रिव्ह्यूला तिसरा स्वतंत्र पुरावा म्हणून मोजू नका. किती तासांनी कूस बदलावी याबद्दलच्या पुराव्याची खात्री कमी आहे असं त्यातच म्हटलंय, आणि ते तुमच्या मूल्यमापनात आलं पाहिजे.