माहितीपटाआधी दोनच प्रश्न द्या

नव्या मॅडम, मोठ्या बोटींची पर्ससीन जाळी आणि किनाऱ्यावरून ओढायची पारंपरिक रापण यांच्या वादावरचा माहितीपट आठवीला दाखवताय ना? आधी दहा प्रश्न फळ्यावर लिहू नका, पोरं पडद्याऐवजी उत्तरंच शोधत बसतात. मी तेच करून बसलो होतो. आधी दोनच द्या: ‘मासे कमी का झाले असं तुला वाटतं?’ हे वहीत लिहून घ्या, आणि ‘कोण कोण बोलतं ते मोजत राहा.’

नंतर ‘काय आवडलं?’ नको, ‘छान होतं’ एवढंच येतं. विचारा, कोण बोललंच नाही? आमच्या वर्गात एक मुलगी म्हणाली, “सर, खलाशी नुसते जाळं ओढताना दिसले, आणि मासे विकणारी माझी आई तर कुठेच नाही.” मग आधीचं उत्तर खोडू न देता त्याखालीच नवं लिहायला सांगा. वर्गात पर्ससीनवाल्यांचीही पोरं असतात, तेव्हा ‘दोषी कोण’ टाळा. ‘हे कुणाच्या नजरेतून दाखवलंय?’ विचारा.