देणगीची पावती: ‘करपात्र’, ‘करमुक्त’ की ‘वजावटीस पात्र’?

प्रश्न: आमचा वाचनालयाचा छोटा ट्रस्ट आहे. पावतीवर वर्षानुवर्षे छापलंय, ‘आपणांकडून रु. ____ ची देणगी साभार प्राप्त झाली. सदर देणगी आयकर कलम ८०-जी अन्वये करपात्र आहे.’ आभारपत्रात ‘देणगी पूर्णतः करमुक्त’ असं लिहितो. १८ जानेवारी २०२६ ला एका देणगीदारांनी ५,००० रुपये यूपीआयने, ३,००० रोख आणि एक लोखंडी कपाट दिलं. आम्ही एकच पावती केली, १४,००० ची. आता ते विचारतात, यातले नक्की किती वाचणार? शब्द कसे बदलावेत?

उत्तर:

‘करपात्र’ आजच काढून टाका. ‘दंडपात्र’, ‘शिक्षापात्र’ या शब्दांत ‘पात्र’ जे काम करतो तेच तो इथेही करतो: ज्यावर कर लागू शकतो ते करपात्र. म्हणजे तुमची छापील पावती देणगीदाराला सांगते आहे की या देणगीवर कर बसेल. लिहिणाऱ्याच्या मनात ‘करसवलतीस पात्र’ होतं आणि मधली सवलत गळून पडली, हे उघड आहे. अनेक पावतीपुस्तकांवर हा शब्द असाच दिसतो, कारण नवं पुस्तक छापताना छापखान्यात जुनंच पुस्तक नमुना म्हणून दिलं जातं.

‘करमुक्त’ची गोष्ट जरा वेगळी. हा शब्द चुकीचा नाही, पण तो तुमच्या बाजूचा आहे. ट्रस्टची आयकर खात्याकडे १२-ए किंवा १२-एबीखाली नोंदणी असली आणि अटी पाळल्या, की ट्रस्टचं उत्पन्न करमुक्त राहतं. देणगीदाराला काय मिळतं हे ८०-जीची मान्यता ठरवते, आणि ती वेगळी असते. धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक हे आणखी तिसरंच प्रकरण, त्याचा वजावटीशी थेट संबंध नाही. पावतीच्या माथ्यावर हे तिन्ही क्रमांक एका ओळीत कोंबलेले असतात आणि वाचणारा त्यातला सगळ्यात लांबलचक तो खरा मानतो. देणगीदाराच्या पावतीवर ८०-जीचा क्रमांक स्वतंत्र ओळीत, कशाचा आहे ते लिहून द्या.

मग शब्द कोणता? वजावट. कराचे हिशेब करणारे सगळे हाच शब्द वापरतात. मात्र ‘करवजावट’ असा समास करू नका. तो वाचून पगारातून कापलेला कर आठवतो, आणि ‘५० टक्के करसवलत’ म्हटलं की माणसाला वाटतं आपला कर निम्मा झाला. वजावट करातून नसते, उत्पन्नातून असते, आणि वाक्यात ‘उत्पन्नातून’ हा शब्द आला की निम्मे गैरसमज तिथेच संपतात.

तुमच्या देणगीदाराचंच उदाहरण घेऊ. यूपीआयचे ५,००० रुपये वजावटीस पात्र आहेत. तुमच्यासारख्या ट्रस्टला दिलेल्या देणगीच्या ५० टक्के, म्हणजे २,५०० रुपये, त्यांच्या उत्पन्नातून वजा होतील. ते जुन्या करप्रणालीत २० टक्क्यांच्या टप्प्यात असतील तर ५०० रुपये कर आणि त्यावरचा ४ टक्के उपकर मिळून ५२० रुपये वाचतील. ३० टक्क्यांच्या टप्प्यात असतील तर ७८०. त्यांनी नवी करप्रणाली घेतली असेल तर काहीच नाही, कारण तिथे ही वजावट मिळत नाही. ‘पूर्णतः करमुक्त’ वाचून ते पाच हजारांची आशा धरून बसले असतील तर दोष त्यांचा नाही. शिवाय अशा देणग्यांना एकूण उत्पन्नाच्या (काही वजावटी जाऊन उरलेल्या) १० टक्क्यांची कमाल मर्यादा आहे. पाच हजारांच्या देणगीत ती बहुतेकांना आडवी येत नाही, म्हणून पावतीवर तिचा नुसता उल्लेख पुरे. किती रुपये वाचतील हे मात्र पावतीवर कधीच लिहू नका. ते देणगीदाराच्या उत्पन्नावर ठरतं आणि ते तुम्हाला माहीत नसतं.

रोख ३,००० वर वजावट शून्य. २,००० रुपयांहून जास्त रोख देणगी असेल तर वरचे हजार सोडून दोन हजारांवर मिळते, असं बरेच जण समजतात. तसं नाही, सगळी रक्कम बाद होते. नेमके २,००० चालतात. पूर्वी ही मर्यादा १०,००० होती, २०१७-१८ या आर्थिक वर्षापासून ती खाली आली. कपाटात पडून राहिलेल्या जुन्या पावतीपुस्तकांवर अजून दहा हजारच दिसतात. ‘दीड-दीड हजारांच्या दोन पावत्या करू’ अशी सूचना कार्यकारिणीत हमखास येते. ती ऐकू नका. एकाच माणसाने एकाच दिवशी दिलेले पैसे दोन तुकड्यांत दाखवणं ही खोटी नोंद आहे.

आणि कपाट. वस्तूच्या देणगीवर ८०-जीची वजावट नाही, त्यामुळे त्याचे सहा हजार पावतीवर आले कुठून, हा प्रश्न उद्या तुम्हालाच पडेल. कपाटासाठी वेगळी पोच द्या: ‘लोखंडी कपाट, १ नग, मिळाले.’ त्यावर रुपयांचा आकडा नको. १४,००० ची ती पावती रद्द करा, मूळ प्रत परत घेऊन स्थळप्रतीला जोडा, आणि तीन स्वतंत्र कागद करा.

यूपीआयच्या रकमेची पावती साधारण अशी होईल:

पावती क्र.: ____  दिनांक: १८ जानेवारी २०२६  आर्थिक वर्ष: २०२५-२६
देणगीदार (पॅनवर आहे तसे नाव): ____
देणगीदाराचा पॅन: ____
यांच्या स्मरणार्थ: ____
हस्ते: ____
रक्कम: रु. ५,०००/- (अक्षरी रुपये पाच हजार मात्र)
कशी मिळाली: यूपीआय, व्यवहार क्र. ____
८०-जी मान्यता क्रमांक: ____  मुदत: ____ पर्यंत
ही देणगी आयकर कायदा, १९६१ च्या कलम ८०-जी खाली वजावटीस पात्र आहे. देणगीच्या ५० टक्के रक्कम, कायद्यातील कमाल मर्यादेत, देणगीदाराच्या उत्पन्नातून वजा करता येते. नवी करप्रणाली घेतल्यास ही वजावट मिळत नाही. वजावटीसाठी लागणारे प्रमाणपत्र (फॉर्म १०-बीई) आम्ही ३१ मे २०२६ पर्यंत पाठवू.

रोख रकमेच्या पावतीवर शेवटचा परिच्छेद काढून एकच वाक्य घाला: ‘ही देणगी रोख आणि २,००० रुपयांहून अधिक असल्याने तिच्यावर कलम ८०-जी ची वजावट मिळणार नाही.’ असं लिहिणं कोरडं वाटतं, देणगीदाराला काय वाटेल, अशी भीती असते. पण हे वाक्य पैसे घेण्याआधी सांगितलं तर तो तिथेच फोन काढून यूपीआय करतो. पावतीवर ते दुसऱ्यांदा येतं, एवढंच.

नावाच्या तीन ओळी मुद्दाम वेगळ्या ठेवल्या आहेत. आपल्याकडे ‘कै. आईच्या स्मरणार्थ श्री. व सौ. अमुक यांजकडून, हस्ते तमुक’ असं एका दमात लिहायची रीत आहे आणि भावना म्हणून ती छानच आहे. पण वर्षअखेरीनंतर तुम्हाला फॉर्म १०-बीडीत प्रत्येक देणगीदाराचं नाव आणि पॅन किंवा तसाच दुसरा ओळख क्रमांक भरायचा असतो. ‘श्री. व सौ.’ यांचा एकत्र पॅन नसतो. पैसे ज्याच्या खात्यातून आले तो देणगीदार, ज्याच्या आठवणीत दिले ते स्मरणार्थ, ज्याने आणून दिले तो हस्ते. देणगीदाराच्या ओळीत श्री., सौ., ह.भ.प. काही नको, स्मरणार्थच्या ओळीत ‘कै.’ खुशाल लिहा.

‘अक्षरी’ आणि ‘मात्र’ मी तसेच ठेवले आहेत, ते जुनाट नाहीत. हातानं लिहिलेल्या १ चा ९ सहज होतो, आणि देवनागरी ४ हा इंग्रजी आठासारखा दिसतो. अक्षरी रकमेमुळे वाद मिटतो, तर ‘मात्र’ पुढे काही जोडू देत नाही. ‘फक्त’ लिहिलंत तरी काम तेच होतं, पण पाच हजार देणाऱ्याला ‘फक्त पाच हजार’ टोचतं असं मला उगाच वाटतं. पॅन, मान्यता क्रमांक आणि व्यवहार क्रमांक मात्र रोमन लिपीतच लिहा. ते पुढे संगणकावर जसेच्या तसे भरायचे असतात.

मान्यता क्रमांकही एकदा तपासा. २०२१ पासून सगळ्या संस्थांना ८०-जीची मान्यता नव्याने घ्यावी लागली आणि ती आता ठरावीक मुदतीची असते. तुमच्या पावतीवर ‘मान्यता कायमस्वरूपी’ असं छापलेलं असेल किंवा क्रमांकाची सुरुवात ट्रस्टच्या पॅनने होत नसेल, तर तो बहुधा जुन्या आदेशाचा आहे.

प्रमाणपत्राची ओळ वगळू नका. २०२१-२२ पासून देणगीदाराला वजावट मिळते ती तुम्ही खात्याकडे भरलेल्या विवरणाच्या आधारे, त्यामुळे नुसती पावती पुरत नाही. विवरण भरण्याची ३१ मेची मुदत चुकवलीत तर विलंबशुल्क दिवसाला २०० रुपये. छोट्या ट्रस्टच्या खजिनदाराने मे महिना डोक्यात ठेवायचा तो यासाठी.

आता आभारपत्र. ‘उदार हस्ते दिलेल्या भरघोस देणगीबद्दल शतशः ऋणी’ हे वाक्य पाचशेलाही लागतं आणि पाच लाखांनाही, म्हणून ते कुणालाच लागत नाही. पहिल्या वाक्यात रक्कम आणि तारीख, दुसऱ्यात पैशांचं काय करताय ते, मग आभार. कायद्याची भाषा पावतीवर राहू दे, पत्रात फक्त तिचं सार:

सप्रेम नमस्कार,
१८ जानेवारीला आपण यूपीआयने पाठवलेले ५,००० रुपये, रोख दिलेले ३,००० रुपये आणि लोखंडी कपाट वाचनालयाला मिळाले. पैशांतून बालविभागाची पुस्तकं घेत आहोत, कपाटात संदर्भग्रंथ लावले आहेत. आपले मनापासून आभार.
तिन्हींच्या पावत्या सोबत आहेत. आयकरात वजावट मिळू शकते ती ५,००० रुपयांच्या देणगीवर. तिचं प्रमाणपत्र मे अखेरपर्यंत पाठवू. रोख रकमेवर आणि कपाटावर वजावट मिळत नाही.

‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘अन्वये’ यांतलं काही इथे लागलं नाही, हे पाहाच.

नवं पावतीपुस्तक हजारांनी छापू नका. १ एप्रिल २०२६ पासूनच्या देणग्यांना आयकर कायदा, २०२५ लागू होतो आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. कायद्याचं नाव आणि कलम यांची जागा कोरी ठेवून तिथे रबरी शिक्का मारा. शिक्का बदलायला फारसा खर्च येत नाही, उरलेली पुस्तकं रद्दीत घालायला जीव जातो.