साठ गाड्या नक्की कुणाच्या?

"मॅडम, चौदा वर्षं सप्लाय चेनमध्ये आहे. गाड्या, स्टॉक, व्हेंडर, सगळं मीच बघतो. पण बायोडेटात लिहायला बसलो की दोन ओळींत संपतं. आकडे टाकले तर रिक्रूटर पहिल्याच फोनवर अडवतो. आणि आकडे तर कंपनीचे, ते माझे म्हणून कसे लिहू?"

भिवंडी, तळोजा, उरण या पट्ट्यातून येणाऱ्यांचं हे गाऱ्हाणं मी सतत ऐकते. इथे सांगते आहे ते तळोज्याच्या एका गोदामातल्या डिस्ट्रिब्युशन मॅनेजरचं. ओळख लागू नये म्हणून आकडे बदलले आहेत.

त्यांच्या बायोडेटातली पहिलीच ओळ होती, '६० गाड्यांचा ताफा सांभाळला'.

"यातल्या कंपनीच्या नावावर किती?"

"चौदा. बाकी अटॅच्ड."

रिक्रूटर अडवतो तो इथेच. स्वतःच्या गाड्या म्हणजे ड्रायव्हर, टायर, इन्शुरन्स, फिटनेस ही सगळी डोकेदुखी आपली. अटॅच्ड म्हणजे करार, दर आणि वेळेवर गाडी लागणं. कामं वेगळी, म्हणून माणूसही वेगळा लागतो. आम्ही ओळ बदलली: '१४ स्वतःच्या व ४६ करारावरच्या गाड्या, रोज सरासरी ४५ डिस्पॅच, मुंबई-पुणे-नाशिक मार्ग'.

डिलिव्हरीचा आकडा होता ९४ टक्के. कुठल्या तारखेच्या हिशेबाने, असं विचारल्यावर ते जरा थांबले. गाडी उशिरा निघणार हे कळल्यावर सिस्टिममध्ये तारीखच पुढे ढकलली, तर उशीर दिसतच नाही. त्यामुळे ग्राहकाला आधी कबूल केलेली तारीखच धरायची. तशी धरूनही महिन्याच्या १,२०० ऑर्डरपैकी १,१२८ वेळेवर पोहोचत होत्या, म्हणजे ९४ टक्के खरेच होते. पण त्यातल्या पूर्ण माल मिळालेल्या १,०५६ च होत्या. वेळेवर आणि पूर्ण, म्हणजे ज्याला सगळे ओटिफ म्हणतात, तो ८८ टक्के. एवढा कमी आकडा लिहायला त्यांचं मन होईना. वर्षभरापूर्वी हाच आकडा किती होता? ७९. मग '७९ वरून ८८' लिहा, म्हटलं. नुसत्या ९४ पेक्षा ते जास्त बोलतं.

इन्व्हेंटरी टर्न्स, म्हणजे वर्षात स्टॉक किती वेळा फिरतो, ते त्यांनी साडेसात लिहिले होते. ६० कोटींच्या विक्रीला ८ कोटींच्या स्टॉकने भागलं होतं. स्टॉक खरेदीच्या किमतीत आणि विक्री नफ्यासकट, अशी सरमिसळ झाली की आकडा फुगतो, आणि फायनान्सवाला समोर बसला असेल तर तो हे लगेच पकडतो. विकलेल्या मालाची किंमत ४८ कोटी होती. भागिले ८ म्हणजे ६. स्टॉकही बारा महिनाअखेरींची सरासरी काढूनच घ्यायचा. ३१ मार्चला गोदाम मुद्दाम रिकामं केलेलं असतं, त्या एका दिवसाचा आकडा चालत नाही. दोन वर्षांपूर्वी तेवढ्याच धंद्यावर सरासरी स्टॉक १२ कोटी होता. म्हणजे टर्न्स ४ वरून ६, माल पडून राहण्याचे दिवस ९१ वरून ६१, आणि ४ कोटी रुपये मोकळे झाले.

"पण हे कंपनीने केलं," ते म्हणाले.

मी विचारलं, "तुम्ही महिनाभर रजेवर गेलात तर काय अडतं?"

जरा वेळाने ते म्हणाले, "सोमवारची यादी अडेल. नव्वद दिवस न हललेल्या मालाची. ती काढून मी सेल्सच्या माणसाला प्रत्येक आयटमचं विचारतो, विकणार की परत पाठवायचा. आणि तीन व्हेंडरना पटवलं ना, कंटेनरभर नको, पंधरा दिवसांना अर्धी गाडी पाठवा म्हणून."

"हे बायोडेटात का नाही?"

"हे काय लिहायचं? हे तर रोजचं काम."

माझ्या मते गोची इथेच होती. माणसं निकाल कंपनीचा मानतात आणि कृती क्षुल्लक, त्यामुळे दोन्ही कागदावर येत नाहीत. मी निकालाच्या मागे फार लागत नाही, कृतीच्या लागते. सोमवारची यादी आणि ते तीन व्हेंडर ४ कोटींशेजारी मांडल्यावर 'आकडे माझे कसे' हा प्रश्न पुन्हा निघाला नाही. ती ओळ मला आजही आवडते: 'न हलणाऱ्या मालाचा साप्ताहिक आढावा व ३ व्हेंडरची लहान खेप ठरवून टर्न्स दोन वर्षांत ४ वरून ६'.

व्हेंडरच्या बचतीत एकच पथ्य. पुण्याच्या फेरीचा दर ९,००० वरून ८,४०० झाला आणि महिन्याला १५० फेऱ्या असतील, तर वर्षाची बचत १० लाख ८० हजार. पण करारात डिझेलप्रमाणे दर बदलण्याचं कलम असेल, तर डिझेल उतरल्यामुळे घटलेले पैसे यातून वगळायचे. ट्रान्सपोर्टरने १० टक्के वाढ मागितली आणि तुम्ही ४ वर आणलीत, तर ती टळलेली वाढ झाली, बचत नव्हे. ती वेगळी लिहायची, कारण मागच्या वर्षाचं बिल बघितलं तर खर्च वाढलेलाच दिसतो.

रुपये गोपनीय असतील तर टक्के लिहावेत. टर्न्स आणि दिवस यांतून तसंही कंपनीचं गुपित फारसं फुटत नाही. दर मात्र व्हेंडरच्या नावासकट कधीच नको. नवीन जागी त्याच ट्रान्सपोर्टरशी बोलायची वेळ येऊ शकते.