जोगव्याच्या निबंधातला तिसरा पॅरा

प्रिय पोरी,

निबंध वाचला. आजीसोबत स्वतः पाच घरं फिरून लिहिलंयस, त्यामुळं तुझ्याकडं सांगण्यासारखं लई आहे, पण ते सगळं एकाच ढिगात पडलंय. मी आज सगळ्या निबंधावर बोलत नाही, फक्त तिसऱ्या पॅरावर बोलते, कारण खरा मुद्दा तिथंच आहे आणि तिथंच तो हातातून निसटलाय.

तो पॅरा तू असा सुरू केलायस, 'जोगवा ही महाराष्ट्रातील एक प्राचीन परंपरा आहे.' आता हे वाचून कुणी 'कशावरून गं?' असं विचारणार आहे का? नाही ना, मग तो दावा नाही. दावा म्हणजे असं वाक्य की ज्यावर एखादा शहाणा माणूस थांबून म्हणेल, मला नाही पटत, दाखव. पुढं त्याच पॅरात तू म्हणतेस 'जोगवा मागितल्याने माणसाचा अहंकार नष्ट होतो.' हे वाक्य आजीचं आहे, तुझं नाही, आणि ते तसं मनापासून मानणारी माणसं आपल्या धाराशिव-लातूरकडं घरोघर आहेत, मी स्वतः त्यातलीच आहे. पण कुणाचा अहंकार गेला का राहिला हे निबंधात दाखवायचं कसं? म्हणून ते काढून टाकू नकोस, नुस्ती त्याची जागा बदल. 'आजीच्या मते जोगवा मागितला की मीपणा गळतो' असं लिहिलंस की तेच वाक्य पुरावा होतं, मागणारी बाई स्वतः या गोष्टीकडं कसं बघते याचा पुरावा. आणि तुझी मैत्रीण म्हणाली तसं 'ही अंधश्रद्धा आहे' असं लिहिलंस तर तो निकाल झाला, आणि समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पेपरात तुला निकाल मागितलेला नाही, ही प्रथा चालते कशी आणि त्यात माणसं एकमेकांशी वागतात कशी हे मागितलंय.

मग दावा कुठून आणायचा? तो तुझ्याच वहीत आहे. फोनवर तू मला जे सांगितलंस ते आठव. आजीकडं आठ एकर रान, घरात ज्वारीची पोती, तरी नवरात्रातल्या मंगळवारी ती गळ्यात कवड्याची माळ घालून, हातात परडी घेऊन निघाली आणि पाच दारात उभी राहून 'आईचा जोगवा' म्हणाली. त्यातलं तिसरं घर कुणाचं, तर तुमच्याच सोयाबीनमधे खुरपायला येणाऱ्या बाईचं. त्या बाईनं परडीत पीठ घातलं, परडीला हळदीकुंकू लावलं आणि आजीच्या पाया पडली. हे तू मला सांगितलंस आणि निबंधात काय लिहिलंस, तर 'सर्व घरांतील महिलांनी भक्तिभावाने शिधा दिला.' अगं, त्या एका वाक्यात सगळा पुरावा पुसला गेला! कोण, कुणाच्या दारात, काय केलं, हे गेलं की उरतं ते कुठल्याही गावातल्या कुठल्याही उत्सवाला चालेल असं वाक्य.

पुराव्यात काय ठेवायचं हे दाव्यावरून ठरतं. तू तुळजापूर साडेतीन शक्तिपीठांपैकी एक आहे हे लिहिलंयस, ते खरं आहे पण या पॅरात त्याचं काहीच काम नाही, पहिल्या पॅरात ने. आजीनं कुठलं लुगडं नेसलं तेही नको. पण तिसऱ्या घरातली बाई कोण लागते आणि तिनं नेमकं कशाला हात लावला हे हवंच हवं.

आता दाव्याचा कच्चा मसुदा असा होईल, 'जोगव्यात मालकीण मजुराच्या दारात मागायला जाते, म्हणून जोगवा गावातली उतरंड मोडतो.' ऐकायला भारी वाटतं. बहुतेक पोरं इथंच थांबतात आणि पुराव्याखाली 'यावरून जोगव्यातून समानतेचा संदेश मिळतो हे दिसून येते' असं एक वाक्य टाकून मोकळी होतात. ते विश्लेषण नाही. ओळखायची खूण सांगते, ते वाक्य उचलून वारीच्या निबंधात टाकून बघ, नाहीतर लंगरच्या, नाहीतर उरुसाच्या. तिथंही जसंच्या तसं बसलं की समज ते तुझ्या पुराव्याला चिकटलेलंच नाही.

विश्लेषण म्हणजे पुराव्याशी भांडायचं. ती बाई आजीच्या पाया पडली ठीक आहे, पण ती एरवीही पडत असेल की, सणासुदीला लहान माणूस मोठ्याच्या पाया पडतंच, आणि आजी वयानंही मोठी आणि मालकीणही. मग हा जोगव्याचा मान कशावरून? इथं तुझं पाचवं घर कामाला येतं, जे तू निबंधात घेतलंच नाहीस. तू सांगितलंस की तिथली म्हातारी आजीपेक्षाही मोठी, ती काही आजीच्या पाया पडली नाही, पण तिनं परडीला हात लावून तो कपाळाला लावला. बघ आता, ही म्हातारी वयानं मोठी, कुणाच्या रानात कामाला जात नाही, म्हणजे तिसऱ्या घराला लागू होणारी दोन्ही कारणं इथं नाहीत, तरी नमस्कार झाला, आणि झाला तो परडीला. म्हणजे मान आजीला नाही, परडीतल्या देवीला. आणि मग दुसऱ्या दिवशीचं, तीच खुरपणारी बाई कामाचं विचारायला तुमच्याकडं आली आणि ओट्याच्या खालीच बसली. उतरंड मोडली असती तर ती वर येऊन बसली असती ना.

म्हणजे पुरावा नीट वाचल्यावर दावा बदलला. हे असं होतं तेव्हा घाबरायचं नाही, मागं जाऊन पहिलं वाक्य बदलायचं. वाचणाऱ्याला तुझा आधीचा दावा बघायचाच नाहीये, त्याला टिकलेला दावा बघायचाय. मी तुझ्याच गोष्टींवरून तो पॅरा मांडून बघितला, निबंधाच्या भाषेत, तो असा,

'जोगव्यात मागणाऱ्या बाईला जो मान मिळतो तो तिचा नसून तिच्या हातातल्या परडीचा असतो. त्यामुळे रोजची उतरंड तेवढ्या वेळापुरती बाजूला राहते, पण मोडत नाही. नवरात्रातल्या मंगळवारी माझ्या आजीने गल्लीतल्या पाच घरी जोगवा मागितला. आमची आठ एकर शेती आहे आणि घरात धान्य कमी नाही. तिसऱ्या घरातली स्त्री आमच्याच शेतात खुरपणीला येते. तिने परडीत पीठ घातले, परडीला हळदीकुंकू लावले आणि ती आजीच्या पाया पडली. पाचव्या घरातली वृद्धा आजीपेक्षा वयाने मोठी आहे. तिने आजीला नमस्कार केला नाही, मात्र परडीला हात लावून तो कपाळाला लावला. तिसऱ्या घरापुरते पाहिले तर हा वयाचा किंवा मालकिणीचा मान आहे असे म्हणता येईल. पाचव्या घरात ही दोन्ही कारणे लागू होत नाहीत, तरीही नमस्कार झाला आणि तो परडीला झाला. मालकीण मजूर स्त्रीच्या दारात मागू शकते, ती देवीच्या नावाने मागते म्हणून. दुसऱ्या दिवशी तीच स्त्री आमच्या घरी आली तेव्हा ओट्याखाली बसली. परडी हातात नसताना जुने नाते पुन्हा लागू झाले. ही पाचही घरे आमच्याच गल्लीतली होती, त्यामुळे गावातल्या इतर वस्त्यांबाबत यावरून काही म्हणता येत नाही.'

शेवटचं वाक्य मुद्दाम ठेवलंय, ते काढू नकोस. तुला वाटेल त्यानं पॅरा कमजोर होतो, पण उलटं आहे, त्यानं वाचणाऱ्याला कळतं की तुला तुझ्या पुराव्याची हद्द माहितीये. आणि विश्लेषणाला किती जागा गेलीय तेही बघ, जवळजवळ पुराव्याएवढीच. तुझ्या मूळ पॅरात वर्णनच वर्णन होतं आणि विश्लेषण एका ओळीत उरकलेलं.

आता ते एकनाथांचं. नाथांच्या जोगव्यात द्वैत सारून माळ घालायची आणि हातात बोधाचा झेंडा घ्यायचा असं येतं, ते तू आजीच्या पॅरात पुरावा म्हणून घातलंयस. ते तिथं चालत नाही. पैठणचे नाथ सोळाव्या शतकातले, त्यांनी जोगव्याला आतला अर्थ कसा दिला याचा तो पुरावा आहे, आणि फार सुंदर पुरावा आहे, पण आज तुमच्या गल्लीतली बाई परडीत पीठ घालताना मनात काय धरते याचा तो पुरावा नाही. त्याला वेगळा पॅरा दे. तिथं दावा करता येईल की नाथांनी बाहेरची सामग्री तशीच ठेवून तिचा अर्थ आत वळवला, आणि मग माळ कशाची केली, झेंडा कशाचा केला हे एकेक घेऊन त्यावर बोल. मधे आजीला आणू नकोस, आणायचीच तर तुलनेसाठी आण आणि तसं स्पष्ट म्हण.

तसंच मानवशास्त्रज्ञ व्हिक्टर टर्नरचं. विधीच्या काळात माणसांमधला दर्जा गळून पडतो आणि बरोबरीची भावना तयार होते असं त्यांनी १९६९ च्या पुस्तकात मांडलं, हे तुझ्या नोट्समधे बरोबर आहे. पण टर्नर असं म्हणाले म्हणून तुमच्या गल्लीत तसं झालं, हे होत नाही. त्यांनी अभ्यास केला तो आफ्रिकेतल्या एन्डेम्बू लोकांचा. त्यांचं म्हणणं तू विश्लेषणात प्रश्न म्हणून वापर, की इथं दर्जा खरंच गळून पडतो का? तुझी परडी आणि तुझा ओटा मिळून त्याचं उत्तर देतायत की थोडा वेळ, आणि तेही देवीच्या आडून. पहिल्या वर्षाला एवढी तुलना एका-दोन वाक्यात आली तरी खूप झालं.

अजून एक, त्या खुरपणाऱ्या बाईचं नाव तू कच्च्या खर्ड्यात लिहिलंयस, ते काढ, 'तिसऱ्या घरातली स्त्री' एवढं पुरे. ती ओट्याखाली बसली हे कागदावर जातंय, कॉलेजातली चार माणसं वाचणार आहेत, आणि तिला हे कुणी विचारलेलं नाही. आजीला मात्र सगळा पॅरा वाचून दाखव, तिचं नाव तिच्या परवानगीनं ठेव.

आणि वाचून दाखवशील तेव्हाच तिला विचार की हीच पाच घरं का, दरवर्षी हीच असतात का, आणि कधी दुसऱ्या वस्तीत जोगव्याला गेलीये का. ती काय म्हणते ते तिच्याच शब्दात लिहून घे, नीटनेटकं करू नकोस, गप्प बसली तर गप्प बसली असंही लिही. त्यावर चौथा पॅरा उभा राहील असं मला वाटतंय, आणि कदाचित तिसऱ्याचं पहिलं वाक्य परत बदलावं लागेल. शुक्रवारपर्यंत दोन्ही पॅरे पाठव.

तुझी,
मावशी