प्रोबेट: मृत्युपत्राची नोंदणी की आणखी काही?

प्रश्न: "मामा वारले. त्यांचं मृत्युपत्र रजिस्टर केलेलं आहे, दादरची जागा माझ्या नावे लिहिली आहे. तरी वकील म्हणतात, प्रोबेट काढा. नोंदणी झालेली असताना हे पुन्हा कशाला? आणि प्रोबेटला मराठी शब्द काय?"

दोन्ही प्रश्नांचं उत्तर शब्दाच्या मुळातच आहे. लॅटिनमध्ये 'प्रोबारे' म्हणजे पारखून खरं ठरवणं. नोकरीतला 'प्रोबेशन'चा काळ त्याच मुळातला. आपल्या कोर्टकचेरीच्या मराठीत याला नेमका जोड असलेलं क्रियापद आहे: शाबीत करणे. मामांचं मृत्युपत्र कोर्टापुढे शाबीत झालं, की त्याबद्दल जो कागद हाती येतो तो प्रोबेट. म्हणून 'प्रोबेट काढलं', 'प्रोबेट मिळालं' असं आपण एखाद्या दाखल्यासारखं बोलतो, आणि ते बरोबर आहे.

१९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यातली व्याख्याही कागदाचीच आहे: कोर्टाच्या शिक्क्याने प्रमाणित केलेली मृत्युपत्राची प्रत, आणि सोबत मिळकतीची व्यवस्था पाहण्याचा अधिकार. मी पहिल्यांदा प्रोबेट हातात घेतलं तेव्हा ही व्याख्या खरी कळली. वर कोर्टाचा शिक्का असलेला आदेश, आणि त्याला जोडलेली मृत्युपत्राची नक्कल. मूळ मृत्युपत्र कोर्टाने ठेवून घेतलेलं असतं, ते घरी परत येत नाही. घरच्यांना ते आधी माहीत नसेल तर ऐन वेळी जीव कासावीस होतो, म्हणून सांगून ठेवते.

आता नोंदणी. रजिस्ट्रारसमोर मामा स्वतः आले आणि सही आपलीच असल्याचं त्यांनी कबूल केलं, एवढं नोंदणी सांगते. त्यानंतर त्यांनी दुसरं मृत्युपत्र केलं का, हे ती सांगू शकत नाही. आणि नंतरचं मृत्युपत्र साध्या कागदावरचं, नोंदणी न केलेलं असलं तरी ते आधीच्या नोंदवलेल्याला रद्द करू शकतं. प्रोबेटच्या अर्जात नेमकं हेच तपासलं जातं: हेच शेवटचं मृत्युपत्र का, सही करताना मामांचं चित्त ठिकाणावर होतं का, आणि दोन साक्षीदारांनी रीतसर साक्ष घातली होती का. साक्षीदारांपैकी कुणी हयात असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र लागतं. मृत्युपत्र नसतं तर जे वारस ठरले असते, त्यांना कोर्टाची नोटीस जाते, तिला वकील 'सायटेशन' म्हणतात. तुमच्या मावशीने 'हरकत नाही' असं लिहून दिलं, तर काम सरळ जातं. तिने कॅव्हेट घातलं आणि विरोध केला, तर त्याच अर्जाचा दावा होतो आणि साक्षीपुरावे सुरू होतात.

पण शाबीत होतं ते मृत्युपत्र, मालकी नव्हे. इथेच सगळ्यात जास्त घोटाळा होतो. समजा, दादरची जागा मामा आणि त्यांचे भाऊ अशी दोघांच्या नावे निम्मी-निम्मी होती, आणि मामांनी लिहिलं, 'माझी दादरची जागा भाचीला.' प्रोबेट मिळालं तरी भावाचा अर्धा हिस्सा तुमचा होत नाही. मामांनी हे लिहिलं, एवढं कोर्टाने मान्य केलं. मामांकडे द्यायला मुळात किती होतं, हा वाद प्रोबेटचं कोर्ट ऐकतच नाही. तो दिवाणी दाव्यात सुटतो.

आणखी एक बारकावा. प्रोबेट मृत्युपत्रात नेमलेल्या एक्झिक्युटरलाच मिळतं, म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे वाटणी करून द्यायला मामांनी ज्यांना नेमलं असेल त्यांना. तुम्ही लाभार्थी आहात. तेवढ्यावर तुम्हाला प्रोबेट मागता येत नाही. मामांनी कुणालाच नेमलं नसेल तर तुम्ही मागायचं ते 'लेटर्स ऑफ अॅडमिनिस्ट्रेशन', मृत्युपत्र जोडलेलं. बोलताना लोक दोन्हींना प्रोबेटच म्हणतात, पण अर्जावर फरक पडतो. तेव्हा मृत्युपत्र उघडून आधी तेवढी ओळ शोधा.

'कशाला' याचं जुनं उत्तर 'मुंबईत सक्तीचं आहे म्हणून' असं होतं. मुंबईत केलेल्या किंवा मुंबईतल्या स्थावर मिळकतीबद्दलच्या हिंदूंच्या मृत्युपत्रावर प्रोबेटशिवाय कोर्टात हक्क सांगता येत नसे. ते २१३ वं कलम संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये वगळलं. आता प्रोबेट ऐच्छिक आहे. तुमच्या वकिलांना घरातून विरोधाची शंका असेल, किंवा सोसायटी जागा नावावर करायला अडून बसली असेल, तर सल्ला समजण्यासारखा आहे. त्यांना कारण मात्र विचारा.

मराठी शब्दाचं म्हणाल, तर कागदाला मी 'प्रोबेट'च म्हणेन, नपुंसकलिंगी, 'ते प्रोबेट'. घरी आईला समजावताना मात्र म्हणा, 'मामांचं मृत्युपत्र कोर्टात शाबीत करून घ्यायचंय.'